कुर्ला ते शीव : शोधनिबंधाची बातमी करण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य : एक शोधनिबंध (अख्खा, नुसत्या सारांशावर भागवू नये), एक लाल पेन, आणि कुर्ल्याहून धिम्या लोकलने परळच्या दिशेला निघालेला एक वाचक.

वाचक निवडताना काळजी घ्यावी. रविवारी आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचणारा वाचक या कामी अजिबात चालत नाही. तो काहीही वाचतो, जाहीर नोटिसासुद्धा. आपल्याला हवी आहे ती नेहरूनगरातून पाणी भरून, डबे करून, रिक्षाच्या रांगेत उभी राहून फलाटावर पोचलेली बाई. किंवा रात्रपाळी संपवून निघालेला आणि उभ्या उभ्या डुलकी घेणारा गृहस्थ. यांच्याकडे कुर्ला सुटल्यापासून शीव येईपर्यंतचा वेळ असतो. म्हणजे तीन-चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट दारातून आत सरकण्यात जातं.

शिवाय लोकलमध्ये पेपर उघडता येत नाही. त्याची आधी उभी आणि मग आडवी घडी घालावी लागते, आणि हातात उरतो वहीच्या पानाएवढा तुकडा. त्या तुकड्यावर मथळा आणि पहिला परिच्छेद दिसतो. बाकीची बातमी घडीच्या आत राहते आणि बहुधा तिथेच संपते. आता बरेच जण मोबाइलवर वाचतात म्हणून हुरळून जाऊ नये. अंगठा घडीपेक्षा निर्दय असतो.

नमुन्यादाखल आपण एक खराखुरा निबंध घेऊ. तो आपल्याच शहरातला आहे आणि ज्या रुग्णालयातून आला ते याच लोकलवर, कुर्ल्यापासून चार स्टेशनं पुढे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, २० वस्ती-गट. दहा गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा झाली. उरलेल्या दहा गटांत फक्त आजाराची माहिती दिली गेली. जून २०१३ मध्ये शिकागोतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत निष्कर्ष मांडले गेले आणि २०१४ मध्ये ते अमेरिकेतल्या एका नामांकित कर्करोग-नियतकालिकात छापून आले.

आता हा निबंध बातमीत कसा उतरवावा ते पाहू.

पहिली पद्धत : विद्वन्मान्य

ही पद्धत सोपी आहे, कारण तीत काही करावंच लागत नाही. निबंध ज्या क्रमाने लिहिला आहे त्याच क्रमाने बातमी लिहावी :

‘गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय महिलांमधील कर्करोगमृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. या पार्श्वभूमीवर टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रतिबंधात्मक कर्करोगशास्त्र विभागाच्या वतीने १९९८ साली एक समूह-यादृच्छिक नियंत्रित अभ्यास हाती घेण्यात आला. सदर अभ्यासात ७५,३६० महिलांचा तपासणी गटात, तर ७६,१७८ महिलांचा नियंत्रण गटात समावेश करण्यात आला…’

शीव आलं. वाचकाने पेपर काखेत मारला. कुणाचा जीव वाचला, वाचला की नाही, हे अजून कळायचंच आहे.

हा क्रम मूर्खपणाचा आहे असं मात्र समजू नये. निबंध लिहिला जातो परीक्षकांसाठी, आणि परीक्षक हा जन्मजात संशयी प्राणी असतो. त्याला आधी ‘एवढे जीव वाचले’ म्हणून सांगितलं तर तो लगेच ‘कशावरून?’ विचारतो. म्हणून त्याला आधी आजार, मग पद्धत, मग आकडे दाखवायचे आणि तो पुरता कोंडीत सापडला की शेवटी म्हणायचं, बघा, म्हणून हे महत्त्वाचं. कुर्ल्याचा वाचक उलट्या दिशेने चालतो. त्याला आधी ‘मला काय त्याचं?’ याचं उत्तर, म्हणजे बातमी महत्त्वाची असण्याचं कारण, लागतं. ते पटलं, तर ‘कशावरून?’ तो दादरपर्यंत ऐकून घेतो.

तेव्हा लाल पेन घ्यावं आणि निबंध शेवटाकडून उघडावा. आधी निष्कर्षांचा तक्ता, मग चर्चेचा भाग, मग पद्धत. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, आणि तीही जमल्यास.

दुसरी पद्धत : लोकप्रिय

तक्ता वाचण्याआधीच पेन एका शब्दावर जाऊन थांबतं. तपासणी कशी केली? तर गर्भाशयाच्या मुखाला ४ टक्के अॅसेटिक आम्लाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात पाहायचं. पेशींत बिघाड असेल तर तो भाग पांढुरका दिसतो, कारण बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात आणि आम्लाने ती गोठतात. ४ टक्के अॅसेटिक आम्ल म्हणजे जवळजवळ आपलं व्हिनेगरच!

झालं. मथळा तयार : ‘व्हिनेगरने कर्करोगावर मात’.

२०१३ साली जगभरच्या बातम्यांनी नेमकं हेच केलं. मथळ्यात व्हिनेगर, पहिल्या वाक्यात व्हिनेगर. हे कारण आधी द्यायचं म्हणजे सगळ्यात चमचमीत गोष्ट आधी द्यायची, असा एक गैरसमज आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या मथळ्याचा परिणाम असा की शीव येईपर्यंत वाचकाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते : स्वयंपाकघरातली बाटली. ती प्यायची की लावायची, एवढाच प्रश्न उरतो.

वास्तविक व्हिनेगर काहीही बरं करत नाही. ते फक्त दाखवतं. पांढरा डाग म्हणजे कर्करोगसुद्धा नाही. पुढे दुर्बिणीतून तपासणी करावी लागते, गरज पडली तर तुकडा काढून पाहावा लागतो आणि मग उपचार. व्हिनेगर हा या गोष्टीतला दिवा लावणारा माणूस आहे. नाटक त्याच्यावर नाही.

मग कारण कोणतं?

इथे पेन खाली ठेवून विचार करावा लागतो, आणि मार्गदर्शिकेचा हा भाग जरा कंटाळवाणा होणार आहे, याची पूर्वसूचना.

या निबंधात पहिल्या वाक्यावर हक्क सांगणारे उमेदवार चार आहेत. एक व्हिनेगर, त्याचा निकाल लागला. दुसरा ‘३१ टक्के’ : तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. हा खरा निष्कर्ष आहे, पण नुसता आकडा हे कारण होत नाही. तिसरा ‘२२ हजार’ : देशभर अशी तपासणी झाली तर वर्षाला सुमारे २२ हजार मृत्यू टळतील, असा संशोधकांचा अंदाज. हा उमेदवार दिसायला सगळ्यात रुबाबदार आहे आणि म्हणूनच त्याच्यापासून सांभाळावं. अभ्यासात २२ हजार बायका वाचलेल्या नाहीत. तो गुणाकार आहे, आणि गुणाकार कधी इंट्रोत बसवू नये. आठव्या परिच्छेदात, ‘संशोधकांच्या मते’ असं म्हणून, त्याला स्टूल द्यावं.

चौथा उमेदवार कोपऱ्यात उभा असतो, पद्धतीच्या भागात. तपासणी केली कुणी? डॉक्टरांनी नव्हे. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा नाही, आठवडाभर अहवालाची वाट पाहायची नाही. मिनिटभरात समोरच कळतं.

हेच ते कारण. पॅप स्मिअर नावाची तपासणी पूर्वीपासून आहेच आणि श्रीमंत देशांत तिने हा आजार बराच आटोक्यात आणला. पण तिला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारा तज्ज्ञ लागतो, आणि अहवाल न्यायला बाईने परत यावं लागतं. नेहरूनगरातली बाई एकदा रजा टाकून आली हेच पुष्कळ. दुसऱ्यांदा येणं म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी. टाटाच्या अभ्यासाने दाखवलं ते हे, की डॉक्टर आणि प्रयोगशाळा दारात नसल्या तरी ही तपासणी मृत्यू कमी करू शकते. व्हिनेगर इथे उपयोगी पडलं ते स्वस्त म्हणून, आणि स्वस्तपणा उपयोगी पडला तो वस्तीपर्यंत पोचता आलं म्हणून. या साखळीची शेवटची कडी पहिल्या वाक्यात गेली पाहिजे.

आता लिहा :

‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यू टाळता येऊ शकतात, आणि त्यासाठी वस्तीत डॉक्टर किंवा प्रयोगशाळा असण्याची गरज नाही. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली, तिथे हे मृत्यू वर्षाला दर लाख बायकांमागे ११ झाले; तपासणी न झालेल्या वस्त्यांत १६.’

शीव यायच्या आत संपलं. घडीतही मावलं.

आकड्यांचे लाड

वरच्या मजकुरातले ११ आणि १६ कुठून आले? निबंधात ते १ लाख ‘व्यक्तिवर्षां’मागे ११.१ आणि १६.२ असे आहेत. ‘व्यक्तिवर्ष’ हा शब्द कुर्ल्यात कुणी वापरत नाही. एक लाख बायकांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर किती मृत्यू, एवढाच त्याचा अर्थ. दशांश चिन्ह गाडीतून उतरवून द्यावं. फरक पाचाचा, आणि सोळातले पाच म्हणजेच ते गाजलेले ३१ टक्के.

दोन्ही आकडे का द्यायचे? नुसतं ‘३१ टक्के’ म्हटलं की वाचकाला वाटतं, शंभर बायकांतल्या एकतीस वाचल्या. असं वाटणाऱ्याला हसू नये. तो आमच्याच मथळ्यांनी असा घडवलेला आहे. नुसतं ‘लाखात पाच’ म्हटलं तर त्याला वाटतं, एवढ्यासाठी इतका खटाटोप? दोन्ही शेजारी ठेवले की तो स्वतःच तोलतो.

आणि एक धोका, ज्यात मुरलेले उपसंपादकही पडतात. ‘११ झाले, तपासणी न झालेल्या वस्त्यांत १६’ हे वाक्य डेस्कवर हमखास सुधारून ‘१६ वरून ११ वर आले’ असं होतं. वाचायला तेच बरं वाटतं. पण त्याचा अर्थ होतो, आधी सोळा होते आणि नंतर अकरा झाले. तसं काही झालेलं नाही. एकाच काळात, दोन वेगळ्या गटांत हे आकडे मोजले गेले. आधी-नंतरची तुलना असती तर शंभर कारणं निघाली असती : रुग्णालयं सुधारली, पगार वाढले, टीव्हीवर जाहिराती आल्या. वस्त्यांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली ती या शंभर कारणांना दोन्हीकडे सारखी जागा देण्यासाठी. ‘वरून’ आणि ‘वर’ या दोन शब्दांनी ती सगळी मेहनत पाण्यात जाते.

निबंधात आणखी एक मोहाचा आकडा आहे : कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू तपासणी गटात ७ टक्क्यांनी कमी. तो बातमीत घेऊ नये. संशोधकांनीच दिलेली मर्यादा पाहिली तर खरा फरक २१ टक्के कमीपासून १० टक्के जास्तपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे तपासणीने एकूण मृत्यू वाढलेही असतील, अशी शक्यता गणिताने खोडलेली नाही.

माटुंगा ते दादर : ‘पण’चा परिच्छेद

वाचक अजून टिकला असेल तर त्याला आता ‘पण’ सांगायचं. हा परिच्छेद लिहिताना दोन प्रकारचे लोक हटकून चुकतात. एक ‘पण’ गाळतात. दुसरे ‘पण’ने सुरुवात करून त्यातच बुडतात. ‘पण’ दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात यावा. आणि कुठलाही ‘पण’ नको. वाचकाने पहिला परिच्छेद वाचून जे करायचं ठरवलं असेल, त्यात फरक पाडणारा ‘पण’ हवा.

इथे तो शोधायला मुंबईबाहेर जावं लागतं. मराठवाड्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांवर असाच एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे गटांना वेगवेगळ्या तपासण्या प्रत्येकी एकदाच दिल्या. ज्यांची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली त्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे होते. आणि व्हिनेगरची? एका फेरीत तिचा ठोस फायदा दिसला नाही. मुंबईत दिसला तो चार फेऱ्यांत.

म्हणजे खरा निष्कर्ष ‘ही तपासणी चांगली’ असा नसून ‘ही तपासणी पुन्हा पुन्हा केली तर चांगली’ असा आहे. हे वाक्य बातमीत नसेल तर वाचक बाई एकदा तपासून येईल आणि आयुष्यभर निश्चिंत राहील. शिवाय केंद्र सरकारने २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची आहे. मुंबईत ती दर दोन वर्षांनी होती. ही तफावत शोधून बातमीत टाकणारा वार्ताहर मिळाला तर त्याला डेस्कवर खुर्ची द्यावी, चहा द्यावा.

दुसरा ‘पण’ जरा बारीक आहे. कर्करोग होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं. लाखामागे २७ च्या आसपास. तपासणीने आजार थांबला नाही, त्याने होणारे मृत्यू कमी झाले. आणि तपासणी गटातल्या ८६ टक्के रुग्ण बायकांनी उपचार पुरे केले, दुसऱ्या गटात ७२ टक्क्यांनी. आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी दारात येत राहिली, समजावत राहिली, त्याचाही यात वाटा असणार. पोचण्यावरच बातमी उभी आहे असं मी वर म्हटलं, त्याला हा आकडा पुष्टीच देतो.

तिसरा ‘पण’ गैरसोयीचा आहे, म्हणून तो हमखास गाळला जातो. दुसऱ्या गटातल्या ७६ हजार बायकांची इतकी वर्षं तपासणीच झाली नाही, आणि त्यावर नीतिमत्तेच्या अंगाने टीका झाली. अभ्यासाची बाजू अशी की त्या काळात देशात नियमित तपासणीची व्यवस्थाच नव्हती. कुणाकडून काही काढून घेतलं नव्हतं. बातमीदाराने निकाल देऊ नये. दोन वाक्यं द्यावीत, म्हणजे १६ हा आकडाही बायकांचा आहे हे वाचकाला कळेल.

दादर : पेपर मिटण्याआधी

दादरला डबा निम्मा रिकामा होतो आणि बातमीही. पान लावताना जागा कमी पडली की बातमी शेपटाकडून कापतात, हा धंद्याचा नियम. त्यामुळे शेवटी काय ठेवायचं याचा विचार ‘कापलं तरी चालेल’ या क्रमाने करावा. विभागाचं लांबलचक नाव, परिषदेचं ठिकाण, नियतकालिक, आणि ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य. ते तर कापण्यासाठीच जन्माला येतं.

वाचकाने काय करायचं, हे मात्र वर सरकवावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालेल्या देशभरात दोन टक्क्यांहूनही कमी निघाल्या. तेव्हा ‘जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी’ एवढ्यावर थांबू नये. चौकशी तुम्हीच करा. कुर्ल्यात छापायची बातमी असेल तर महापालिकेच्या एल विभागातल्या दवाखान्यांत स्वतः फोन लावा : तपासणी होते का, कोणत्या वारी, किती वाजता, किती वयापर्यंत. पाळी गेलेल्या बायकांत ही तपासणी कमी भरवशाची ठरते, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो. तेव्हा त्यांना काय सांगतात, तेही विचारा. मग त्याची चौकट करा. चौकट सहसा कापत नाहीत, पान भरल्यासारखं दिसतं म्हणून.

बातमी छापून आल्यावर दोन फोन येतील. पहिला संशोधकांचा : आमची पद्धत सहाव्या परिच्छेदात का टाकली? त्यांना आदराने सांगावं, डॉक्टर, पद्धत सहाव्यात आहे म्हणून पहिला वाचला गेला. ते समाधानी होणार नाहीत. पुढचा निबंध मात्र तुम्हालाच पाठवतील. दुसरा फोन कुणाच्या तरी मावशीचा : घरातलं व्हिनेगर चालेल का?

तो येऊ नये म्हणून उपाय एकच. व्हिनेगरचा उल्लेख टाळता येणार नाही, डेस्कला तो शब्द दिसला की मथळ्यात न्यायचा मोह होणारच. म्हणून तो शब्द आणि त्याची अट एकाच वाक्यात अशी गुंफावी की कात्री चालवताच येऊ नये : ‘व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल वापरून प्रशिक्षित आरोग्यसेविका दवाखान्यात करते ती ही तपासणी घरी करता येत नाही, आणि त्या आम्लाने कर्करोग बरा होत नाही.’ वाक्य लांब आहे, मान्य. कुणी मध्ये पूर्णविराम घालायला आला तर सांगावं, तेवढी जागा नाही.